अनुभव धागा: गुरूंच्या तासाचं रेकॉर्डिंग रियाजाच्या वहीत कसं उतरवता?

कणसूर, लष्कर, ग्वाल्हेर
आमचा तास हिंदी-मराठीत चालतो आणि सगळा मोबाईलवर रेकॉर्ड होतो. आठवड्याची वही कशी करता, अनुभव लिहा.

निषाद, ग्वाल्हेर
मी शब्दन् शब्द लिहितो. काही सुटत नाही.

रेवतीची आई, इंदूर
आमचा मुलगा तबला शिकतो. सर कायदा सांगतात तेव्हा मी फक्त बोल आणि 'ठाय, मग दुगुन' एवढं लिहिते. गायनाचं ठाऊक नाही.

जुना शिष्य, ग्वाल्हेर
निषादजी, सगळं लिहिलं की रियाजाला बसताना पुन्हा पानं चाळावी लागतात. शिवाय गुरूंची अर्धी दुरुस्ती बोलण्यात नसतेच, ते गाऊन दाखवतात.
मागच्या तासाचं सांगतो. भूप चालू होता. गुरुजी म्हणाले, "धैवतावर मुक्काम करू नको, तुझा देशकार होतोय," आणि लगेच गाऊन दाखवलं. दोन्ही रागांचे स्वर तेच, पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात. म्हणून 'दुरुस्ती' खाली लिहिलं: "ध वरून प, ग कडे उतरणं, विश्रांती ग वर. ऐका २३:१०." वेळ लिहिली नाही तर ते उतरणं कसं होतं हे दुसऱ्या दिवशीच विसरतं.
'बंदिश' खाली तिलवाड्यातला विलंबित ख्याल, फक्त स्थायी. अंतरा त्यांनी गायला, पण "पाठ कर" म्हणाले नाहीत, म्हणून तो या आठवड्याचा नाही. 'रियाज' खाली मोजता येईल तेवढंच: मुखडा तेराव्या मात्रेवरून उचलून ठेक्यावर लागोपाठ पाच वेळा समेवर आणायचा. "सम सुधार" असं लिहून आठवडाअखेर काय तपासणार?
आणि "ठीक" या शब्दावर जाऊ नका. आमच्याकडे त्याचा अर्थ बहुतेकदा 'पुढे चल' असतो. त्यानंतर तीच जागा पुन्हा गाऊन घेतली असेल, तर ती दुरुस्तीच.

निषाद
मग आधी लिहून मग गाळलं तर?

जुना शिष्य
चालेल की. वेळ असेल तर.

सावनी, बडोदा
बोललेलं लिहून देणारं ॲप वापरून पाहिलं. सरगम सुरू झाली की त्यात 'धनी सासू' वगैरे निघतं. बोलणं बरं येतं, स्वर नाहीत.

तानपुरेवाला
कुठला रेकॉर्डर घ्यावा? बजेट कमी आहे.

सावनी
मोबाईल पुरतो, फक्त तानपुऱ्याच्या फार जवळ ठेवू नका, आवाज दबतो.

कणसूर
२३:१० ची युक्ती आवडली. एक राहिलं: ही वही गुरुजींना दाखवता का?

जुना शिष्य
मी दाखवतो. पुष्कळदा ते एखादी ओळ खोडतात.

निषाद
आमच्या बाईंना रेकॉर्डिंगच आवडत नाही, वही कुठली दाखवणार.