शब्दचर्चा : पेस्टल आणि ज्वेल टोन, म्हणजे सोलकढी आणि आगळ

मेघना, हर्णै
भावाच्या लग्नाचा निरोप आलाय : हळदीला सगळ्यांनी ‘पेस्टल’ नेसायचं आणि संध्याकाळच्या स्वागताला ‘ज्वेल टोन’. आई विचारते, पेस्टल म्हणजे फिका, मग माझी धुऊन धुऊन विटलेली गुलाबी साडी चालेल का? मला तिला नीट सांगता येईना. या दोन शब्दांना मराठीत काय म्हणायचं? शिवाय लग्नाआधी माजघर रंगवायचं आहे, तिथे यातलं काय शोभेल?

संजय, चिपळूण
सोपं आहे. पेस्टल म्हणजे फिका, ज्वेल टोन म्हणजे गडद.

नीता, रत्नागिरी
पण माझ्या मुलाच्या शाळेच्या यादीत ‘ऑइल पेस्टल’ आहेत आणि त्या खोक्यात लालभडक, काळाकुट्ट, सगळं असतं. मग पेस्टल फिकाच कसा?

वासंतीकाकू, वेंगुर्ला
नीता, तू म्हणतेस ती खडू-कांडी. मूळ इटालियन शब्द ‘पास्तेल्लो’, लगद्यावरून आलेला. रंगाची पूड, खडूसारखा पांढरा भुगा आणि थोडा डिंक मळून कांड्या वळत. 18व्या शतकात व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने अशा कांड्यांनी काढलेली व्यक्तिचित्रं युरोपभर गाजली. त्या चित्रांची भुरभुरीत, दुधाळ छटा लोकांच्या मनात बसली आणि पुढे कांडीचं नाव तशा छटेला लागलं. तुझ्या खोक्यात अजून कांडीचा अर्थ आहे, मेघनाच्या निरोपात छटेचा.

संजय, तुझं अर्धं बरोबर आहे. चॉकलेटी गडद आहे, खाकी गडद आहे, पण त्यांना कोणी ज्वेल टोन म्हणणार नाही. स्वयंपाकघरात जा आणि काचेच्या पेल्यात कोकमाचं दोन चमचे आगळ घेऊन खिडकीकडे धर. उजेड आरपार येतो आणि तळाशी माणिक पेटल्यासारखं दिसतं. तो ज्वेल टोन. गडद आहे, पण मळका नाही, त्यात पांढरा नाही आणि राखाडीही नाही. आता त्यातच नारळाचं दूध ओत. लाल तोच, पण पांढऱ्यात विरघळला. ती सोलकढी म्हणजे पेस्टल. आणि त्या सोलकढीत चुकून चुलीची राख पडली, तर जो धुरकट गुलाबी होईल तो या दोन्हींत बसत नाही. विटलेली साडी तिसऱ्या जातीची असते. तिचा रंग उडालेला असतो, आणि तोही सारखा नाही. घडीवर जास्त, काठाजवळ कमी.

म्हणून ‘फिका’ मला पटत नाही. आपल्याकडे चहा फिका, आमटी फिकी, चेहरा फिका पडला. त्यात काहीतरी कमी असल्याची तक्रार आहे. मी मुलींना शिकवताना ‘कोवळा रंग’ म्हणायची. आंब्याची पालवी डोळ्यांसमोर येते.

संजय, चिपळूण
कोवळा आवडला. मग ज्वेल टोनला ‘रत्नरंग’?

वासंतीकाकू, वेंगुर्ला
चालेल, पण दुकानात कोणी म्हणणार नाही. दुकानात मोरपंखी, डाळिंबी, जांभळा, पाचूचा हिरवा असं सुटं नाव घेतात. एकत्र सांगायचं तर ‘गहिरे रंग’.

रेश्मा, दापोली (शिवणकाम)
कापडात एक फरक आहे. रंगात पांढरा मिसळलेला नसतो. रंग कमी चढवलेला असतो आणि खालचं पांढरं कापड त्यातून डोकावतं. म्हणून पेस्टल घेताना कापड उजेडात धरून बघा, सूत पिवळट असेल तर कोवळा निळा लगेच शेवाळी वाटतो. गहिरा रंग रेशमावर खुलतो, कारण रेशमाचा धागा उजेड परत फेकतो. तोच डाळिंबी साध्या सुतीवर नुसता गडद लाल दिसतो.

मेघनाताई, हळद दुपारी अंगणात असेल तर पेस्टल सुती ठीक, पण काखेखाली घामाचा डाग कोवळ्या निळ्यावर सगळ्यात उठून दिसतो. लिंबू किंवा अबोली घ्या. परकर टाचेच्या वर ठेवा. आपल्या तांबड्या मातीचा डाग लोखंडाच्या गंजासारखा असतो, ब्लीचने जात नाही, उलट पक्का होतो. संध्याकाळी पिवळे दिवे असतील तर डाळिंबी आणि हिरवा छान. गडद निळा मात्र पिवळ्या उजेडात काळाच दिसतो. माझ्या एका गिऱ्हाइकाची नीलम रंगाची साडी फोटोत काळी आली, ती रडकुंडीला आली होती.

प्रकाश, देवगड (रंगकाम)
आता माजघराचं सांगतो. पूर्वी आपल्या भिंती चुन्याच्या. चुन्यात नीळ घाला, गेरू घाला, रंग कोवळाच येणार, कारण चुनाच पांढरा. जास्त पूड घातली तर हाताला लागायची. गहिरी भिंत डब्याच्या रंगाने आली. त्यासाठी दुकानदार पांढऱ्या बेसऐवजी जवळजवळ पारदर्शक बेस घेतो आणि त्यात भरपूर रंगद्रव्य घालतो. तो खालचं कमी झाकतो. पेस्टलला दोन हात पुरतात, गहिऱ्याला तीन, कधी चार, आणि खाली राखाडी प्रायमर मारला नाही तर भेगांत जिथे लांबी भरली ते ठिपके दिसत राहतात.

गेल्या साली एका कौलारू घरात माजघर केलं. दहा बाय बारा फूट, एकच खिडकी, ती पडवीत उघडणारी, समोर फणस. शेडकार्डवर मालकिणीने पुदिन्यासारखा हिरवा पसंत केला. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सुंदर होता. भिंतीवर लावला तर शेवाळलेल्या टाकीसारखा. कोवळ्या रंगात रंगद्रव्य थोडं, त्याला उजळायला उजेड लागतो. इथे उजेड थोडाच, आणि तोही फणसाच्या पानांवरून हिरवा होऊन येतो. मग मी दोन फुटी पुठ्ठ्यावर तीन छटा लावून भिंतीला टेकवल्या. सकाळी नऊला, दुपारी तीनला आणि दिवा लावून पाहिल्या. सायीसारखा, किंचित पिवळसर रंग तिन्ही वेळा टिकला. तोच तीन भिंतींना आणि वर लावला. चौथी, आतली, देवघराच्या बाजूची भिंत गहिऱ्या हिरव्यात केली. ती कोरडी होती म्हणून. बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला गहिरा रंग लावू नका. पावसाळ्यात ओल आली की खार फुलतो, आणि गडद भिंतीवर तो पिठासारखा पांढरा दिसतो. कोवळ्यावर खार लपतो, पण तिथे बुरशीचे काळे ठिपके दिसतात.

अनघा, मालवण
प्रकाशदादा, मी उलट केलं. आमची आतली खोली अंधारीच आहे, म्हणून चारही भिंती मोरपंखी केल्या आणि दोन पितळी दिवे ठेवले. दिवसा गुहेसारखी, पण संध्याकाळी तिथून कोणी उठत नाही. अंधारी खोली उजळवायलाच हवी का?

प्रकाश, देवगड
निजायची असेल तर मला मान्य. पण माजघरात दिवसा तांदूळ निवडतात, मुलं अभ्यासाला बसतात. तिथे मी हात घालणार नाही.

वासंतीकाकू, वेंगुर्ला
मला अनघाचंही पटतंय. खोलीत दिवसा राबायचं की रात्री विसावायचं, हे आधी ठरवा.

मेघना, हर्णै
आईला सोलकढीचं सांगितलं, लगेच समजलं. विटलेली साडी बाजूला ठेवली. पण आता ती म्हणते, अबोली कोवळ्यात धरायची की नाही? वळेसरातलं फूल तर चांगलं ठसठशीत केशरी-गुलाबी असतं.

रेश्मा, दापोली
साडीची अबोली कोवळी. दुकानात तेच म्हणतात.

वासंतीकाकू, वेंगुर्ला
फुलाची अबोली मी कोवळ्यात धरणार नाही, रेश्मा. आमच्या अंगणातलं फूल उद्या पांढऱ्या कापडावर ठेवून परत बघते.