मदत हवी आहे: परीक्षेआधीच्या प्रार्थनेच्या व्हिडिओत 'यश मिळेल' शिरतंच आहे, कसं काढू?

निशिगंधा

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात पंधरा-सोळा वर्षांची तीसेक मुलं येतात. परीक्षेला तीन आठवडे उरलेत. त्यांच्यासाठी एक व्हिडिओ करतेय. आधी शांत प्रार्थना आणि ती संपली की लगेच अभ्यासाला बसायची सवय, एवढंच त्यात आहे. गुणांचं किंवा निकालाचं कसलंही आश्वासन द्यायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले होते. लिहिलेलं मोठ्याने वाचलं तर ते जागोजागी आलेलंच. ही पाहा तीन वाक्यं:

"रोज मनापासून ही प्रार्थना म्हणा, यश तुमचंच आहे."
"हे देवा, माझ्या कष्टांना चांगले गुण मिळू देत."
"एकवीस दिवस हे ऐका, अभ्यासाची सवय लागेल."

ही कशी बदलू? सध्या लांबी अकरा मिनिटं होतेय, ती जास्त वाटते का? मुलं वेगवेगळ्या धर्मांची आहेत, त्यामुळे कुठल्या एका देवाचं नाव घेतलेलं नाही.

पाटीपेन्सिल

स्मरणशक्तीसाठी पहाटे १०८ वेळा जप करावा असं ऐकलं आहे. तो घातला तर मुलांचं पाठांतर वाढेल. कोणता जप ते विचारून सांगू का?

निशिगंधा

नको, मला नेमकं तेच टाळायचं आहे. जप करायला माझी हरकत नाही, पण त्याने पाठांतर वाढेल असं मी मुलांना सांगणार नाही.

आईची वही

तुमच्या पहिल्या वाक्यातला 'मनापासून' हा शब्द आधी काढा. माझी मुलगी रोज अशीच एक प्रार्थना ऐकायची. एका विषयात कमी पडली तेव्हा मला म्हणाली, "मी मनापासून म्हटली नसेल." अभ्यास कुठे कमी पडला हे पाहायचं सोडून ती आपली श्रद्धा तपासत बसली. तिला त्यातून बाहेर काढायला मला बरेच दिवस लागले. अट घातलेली प्रार्थना फसली की दोष मुलाच्याच पदरात पडतो.

रियाजी

आईंनी खरी जागा दाखवली. मी अनेक वर्षं प्रार्थना आणि निवेदनाचं ध्वनिमुद्रण करतो, त्यावरून सांगतो. 'म्हणा' आणि 'मिळेल' एका वाक्यात आले की ते वचन होतं, मग शब्द कितीही सौम्य असोत. त्यामुळे संहितेतलं प्रत्येक भविष्यकाळी क्रियापद अधोरेखित करा. 'आता डोळे मिटूया' राहू द्या. 'मन एकाग्र होईल' काढा, कारण ज्याचं होणार नाही तो तिथेच घाबरतो. त्याऐवजी 'मन भटकलं तरी चालेल, पुढच्या ओळीला परत या' असं म्हणा.

दुसऱ्या वाक्यात मागणं बदला. गुण ना मुलाच्या हातात आहेत, ना तुमच्या. पुढच्या अर्ध्या तासात त्याला जे करता येईल, त्यासाठी बळ मागा: पुस्तक उघडण्याचं, न समजलेलं कबूल करण्याचं, पुन्हा विचारण्याचं.

आता लय. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. ते निरोगी प्रौढ होते आणि परीक्षेशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणून व्हिडिओत याचा उल्लेखही करू नका. पण संहितेची मापं घ्यायला ते उपयोगी आहे. सहा श्वास म्हणजे दर श्वासाला दहा सेकंद. एक ओळ सहा सेकंदांत सावकाश म्हणून होईल एवढी ठेवा आणि पुढे चार सेकंद मोकळे सोडा. बोलताना श्वास बाहेर जातो, त्या मोकळ्या जागेत तो आपोआप आत येतो. 'श्वास घ्या, रोखा, सोडा' असं मोजून सांगू नका. आधीच धडधडणाऱ्या मुलाला रोखलेल्या श्वासाने गुदमरल्यासारखं होऊ शकतं.

मागे तंबोरा पुरे. हळूहळू चढत जाणारं संगीत घेतलंत, तर शब्दांतून काढलेलं आश्वासन सुरांतून परत येईल.

कॅमेरावाला

एकवीस दिवसांचं वाक्य ठेवा की! सवय लागायला तेवढेच दिवस लागतात, आणि तुमच्याकडे बरोबर तीन आठवडे आहेत. लांबी मात्र नक्की कमी करा. यूट्यूबवर आठ मिनिटं किंवा त्याहून लांब व्हिडिओत मधे जाहिरात येऊ शकते.

रियाजी

लांबीचं बरोबर, एकवीसचं नाही. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२०१०) रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला, तर मुलाला वाटेल आपल्यातच खोट आहे. आकडा सांगूच नका. आणि शक्य असेल तर फाइलच मुलांना द्या. प्रार्थनेआधीही जाहिरात नको.

निशिगंधा

मग सवयीच्या भागात सांगू तरी काय? सध्या तिथे 'नियमित वाचन करा, वेळापत्रक पाळा' वगैरे आहे.

रियाजी

अभ्यासाचं मला फारसं कळत नाही. आईंना विचारा.

आईची वही

सल्ले देऊ नका, व्हिडिओतच एक कृती करून घ्या. माझ्या मुलीला उपयोगी पडलेली सांगते. काल वाचलेल्या धड्याचं नाव कोऱ्या कागदावर लिहायचं, पुस्तक मिटलेलं ठेवायचं, आणि आठवेल तेवढं लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. पहिल्या दिवशी तिला चारच ओळी आठवल्या आणि ती रडली. म्हणून हे आधीच सांगून ठेवा, की कागद बराचसा कोरा राहील आणि आज काय वाचायचं ते त्या कोऱ्या जागेवरून कळेल.

कॅमेरावाला

याला आधार आहे. २००६ च्या एका प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवडाभराने आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. मात्र परीक्षेच्या दिवशी सकाळी ही कृती नको. तेव्हा कोरा कागद पाहून धीर सुटेल.

निशिगंधा

हे फार मोलाचं आहे. परीक्षेच्या सकाळसाठी फक्त प्रार्थनेची वेगळी फाइल करते. काल रात्री नव्याने लिहिलं. सुरुवातीला चाळीस सेकंद बसायला. मग प्रार्थनेच्या चार ओळी, दोनदा, म्हणजे ऐंशी सेकंद:

"पुस्तक उघडायचं बळ दे.
कळलं नाही, ते विचारायचं धैर्य दे.
चुकलं तिथे थांबून पाहू दे.
शेजारी बसलेल्यालाही शांत ठेव."

पुढे कागदाची कृती समजावायला दीड मिनिट आणि शेवटची तीन मिनिटं नुसता तंबोरा. त्या वेळात मुलं लिहितील. सगळं मिळून साडेसहा मिनिटं. आज पाच मुलांना ऐकवलं. तिसरी ओळ सहा सेकंदांत बसते, पण दुसरी रेटावी लागते. एका मुलाने विचारलं, "शेवटी 'सर्वांना यश लाभो' नाही का म्हणणार?" मला उत्तर सुचलं नाही. ते वचन आहे की आशीर्वाद?

आईची वही

'लाभो' म्हणजे इच्छा. घरातलं मोठं माणूसही असंच म्हणतं. तेवढंही काढलं तर मुलांना कोरडं वाटेल.

रियाजी

मला पटत नाही. शेवटचा शब्द कानात राहतो, आणि तो 'यश' असेल तर पुढची तीन मिनिटं कागदाऐवजी निकालच डोळ्यांसमोर येईल. दुसऱ्या ओळीत 'कळलं नाही, ते विचारू दे' करून पाहा, ती बसेल.

निशिगंधा

बसली! आशीर्वादाचं अजून ठरत नाही. दोन्ही शेवट ध्वनिमुद्रित करते, उद्या त्याच मुलांना ऐकवते आणि कुठल्या शेवटानंतर ती लवकर लिहायला लागतात ते पाहते.