फंडिंग दर आणि लिक्विडेशनचे पुंजके

«फंडिंग वाढलेले असताना कोणतीही बातमी नसताना भाव एकदम का कोसळतो?»

पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये, म्हणजे मुदत नसलेल्या वायद्यात, १०० च्या भावाला वीसपट लिव्हरेजने घेतलेल्या लाँगमागे, म्हणजे भाव वाढेल या अपेक्षेने केलेल्या खरेदीमागे, ५ मार्जिन असते. सौदा खुला ठेवायला लागणारे किमान म्हणजे देखभाल मार्जिन ०.५ टक्के धरले, तर लिक्विडेशन, म्हणजे सौदा सक्तीने बंद होणे, साधारण ९५.५ ला होते. लाँगने शॉर्टला द्यायचा फंडिंग दर आठ तासांना ०.१ टक्का असेल, तर तो पूर्ण १०० वर आकारला जातो, म्हणजे दिवसाला ०.३, मार्जिनच्या तब्बल ६ टक्के. खात्यात वेगळी शिल्लक नसेल, तर ही रक्कम मार्जिनमधूनच कापली जाते आणि भाव जागेवर असूनही लिक्विडेशनची पातळी ९५.८ पर्यंत वर सरकते. मला हा दुर्लक्षित मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

त्या पातळीला भाव टेकला, की सक्तीची विक्री सुरू होते, तिने भाव आणखी खाली जातो आणि त्याखालचा लिक्विडेशन पातळ्यांचा पुंजका पेटतो.

मात्र लिक्विडेशनच्या नकाशावरील पुंजके हे गृहीत लिव्हरेजवरून बांधलेले अंदाज असतात, म्हणून घसरणीबरोबर ओपन इंटरेस्ट, म्हणजे खुल्या सौद्यांचा एकूण आकडाही पाहावा: तो झपाट्याने घटला तर जुने सौदे बंद होत आहेत, वाढला तर नवे शॉर्ट येत आहेत.