अनुभव धागा: फर्मवेअर अपडेटनंतर बिटलॉकर रोज की मागतंय

धागाकर्ती : बायोस अपडेट झाल्यापासून लॅपटॉप सुरू करताना डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची निळी स्क्रीन येते आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. की आहे, टाकली की विंडोज सुरू होतं. उद्या पुन्हा तेच. तुमच्याकडे असं झालंय का? कसं थांबलं?

जुना_खेळाडू : सिक्युअर बूट बंद करा, सगळ्या कटकटीचं मूळ तेच. टीपीएमही क्लिअर करून टाका.

रात्रपाळी : थांबा, टीपीएम म्हणजे डिस्कची चावी जपणारी चिप, ती क्लिअर केली तर आतली चावीच जाईल, मग की विचारणारच. आणि सिक्युअर बूट बंद असेल तर त्रास वाढतो. अ‍ॅडमिन म्हणून हे चालवा:

```
manage-bde -protectors -get C:
```

`PCR Validation Profile` खाली काय दिसतं?

धागाकर्ती : `0, 2, 4, 11`.

रात्रपाळी : हे आकडे म्हणजे लॅपटॉप सुरू होताना बिटलॉकर कुठली मोजमापं तपासतो ते. यावरून सिक्युअर बूट बंद आहे, किंवा बिटलॉकर त्यावर विसंबून नाही. अपडेटने बायोसची सेटिंग मूळपदावर नेली असतील. सहसा `7, 11` असतं, तेव्हा फक्त सिक्युअर बूटची स्थिती तपासली जाते. तुमच्याकडे 0 मध्ये फर्मवेअरचं आणि 2 मध्ये जोडलेल्या उपकरणांच्या फर्मवेअरचं मोजमाप येतं. अपडेटने 0 बदलला, म्हणून पहिल्यांदा विचारलं, ते ठीक. पण की टाकली की बिटलॉकर नवं मोजमाप धरून चावी पुन्हा बांधतो, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारायला नको. रोज विचारतोय म्हणजे रोज काहीतरी वेगळं मोजलं जातंय. डॉक लावता का?

धागाकर्ती : ऑफिसात डॉक, घरी नाही!

रात्रपाळी : मग तोच संशय. ऑफिसात की टाकली की डॉकसकट बांधलं जातं, घरी ते जुळत नाही. आधी संरक्षण थांबवा:

```
manage-bde -protectors -disable C: -rc 0
```

रीस्टार्ट करून बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू करा, विंडोजमध्ये आलात की `-disable`च्या जागी `-enable` (`-rc 0` नको). `-rc 0` नसेल तर एका रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप सुरू होतं. फर्मवेअरला दोन रीस्टार्ट लागले तर मधेच अडकता. थांबवलेलं असताना डिस्क एन्क्रिप्टेडच राहते, पण चावी उघडी असते, म्हणून `-enable` विसरू नका.

मामाचा_भाचा : आमच्या मामींची की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर नव्हतीच. लॅपटॉप मी सुरू करून दिला होता, सापडली माझ्या अकाउंटवर. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या.

प्रश्नचिन्ह : माझा पिन चार आकडी आहे, ४८ आकडी कसा करायचा?

मामाचा_भाचा : तो विंडोजमध्ये शिरायचा पिन हो. ही वेगळी.

धागाकर्ती : सिक्युअर बूट चालू केलं, आता `7, 11` दिसतंय. डॉक लावूनही विचारलं नाही, काढूनही नाही.

देवगड_हापूस : माझ्याकडे पहिल्यापासून `7, 11` आहे, डॉकही नाही, तरी कधीकधी विचारतं. पेनड्राइव्ह लावलेला असतो, एवढंच.

रात्रपाळी : बूट क्रमात यूएसबी आधी आहे का? पेनड्राइव्ह काढून चार दिवस बघा आणि इथे लिहा.