मदत हवी आहे: १२ वर्षांच्या कुत्र्याचा रक्ताचा रिपोर्ट, किडनी आणि लिव्हर दोन्हीचे आकडे वाढलेत (सांगली)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. आमचा ब्रुनो लॅब्रॉडॉर आहे, १२ वर्षं पूर्ण, वजन ३१ किलो. गेले काही आठवडे तो पाणी फार पितोय आणि रात्री लघवीसाठी उठवतोय. जेवण नेहमीसारखं आहे, उलटी नाही, ताप नाही. इथल्या डॉक्टरांनी रक्त घेऊन मिरजेच्या लॅबला पाठवलं. लॅब माणसांची आहे, रिपोर्टवर नावापुढे पेनाने 'कुत्रा' असं लिहून आलंय. पाच आकडे ठळक छापलेत, कंसात लॅबची रेंज देतो:

क्रिएटिनिन १.७ (०.६ ते १.२)
ब्लड युरिया ६४ (१५ ते ४५)
एसजीपीटी ८८ (४५ पर्यंत)
अल्कलाइन फॉस्फेटेज ६१० (४० ते १३०)
अल्ब्युमिन ३.१ (३.५ ते ५)

बिलिरुबिन ०.३, प्लेटलेट २ लाख ६० हजार, हिमोग्लोबिन १४.२, हे सगळं नॉर्मल दाखवलंय.

आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटतील. नेटवर कुत्र्यांसाठी युरियाची रेंज ७ ते २७ दिसते, म्हणजे ब्रुनोचा दुपटीहून जास्त झाला. किडनी आणि लिव्हर दोन्ही एकदम गेलंय का? घरात कुणाचं कशात लक्ष लागत नाहीये. सोमवारपर्यंत काय करावं, काय करू नये, एवढं तरी कुणी सांगा.

राजू_तासगाव

दादा, वाईट वाटतं सांगायला, पण क्रिएटिनिन वाढायला लागतो तोवर किडनीचा पाऊण भाग गेलेला असतो. आमच्या राणीचं असंच झालं होतं. आजपासून चिकन, अंडी पूर्ण बंद करा, नुसता दहीभात द्या. प्रोटीन किडनीला विष आहे. लिव्हरसाठी मेडिकलमधून एखादं टॉनिक आणा.

सुमन_कुपवाड

माझ्या सासऱ्यांचा क्रिएटिनिन १.७ होता तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाला एक लिटर. मीठ बंद केलं होतं. तुम्हीही पाण्याचं भांडं उचलून ठेवा, म्हणजे रात्रीचा त्रास कमी होईल.

मेधा_मिरज

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कुत्र्यांच्या आजाराचं मला कळत नाही, पण रिपोर्टचं कळतं. दोन गोष्टी सांगते.

ठळक अक्षरं मशीनला जोडलेलं सॉफ्टवेअर करतं. त्यात माणसांची रेंज भरलेली असते, कुत्र्याची नळी आली तरी त्याच रेंजशी तुलना होते. आकडा साधारण बरोबर असतो, 'जास्त' किंवा 'कमी' हा शिक्का मात्र माणसाचा असतो.

दुसरं, तुमच्या रिपोर्टवर 'ब्लड युरिया' आहे आणि नेटवर तुम्ही पाहिलंत ते बहुतेक 'बीयूएन' असणार, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. आपल्याकडच्या लॅब युरिया देतात, परदेशी रेंज बीयूएनच्या असतात. युरियाला २.१४ ने भागायचं. ६४ चे साधारण ३० होतात. म्हणजे २७ च्या पुढे ३०. दुप्पट नाही. पुढचं पशुवैद्यांनी सांगावं.

पशुवैद्य_सातारा

मेधाताईंनी अर्धं काम केलं. त्याआधी एक तातडीचं: सुमनताई, माणसाचा नियम इथे लावू नका. पाण्याचं भांडं अजिबात उचलायचं नाही. या कुत्र्याची लघवी पातळ होतेय, म्हणून तो पाणी पिऊन भरून काढतोय. पाणी तोडलंत तर अंगातलं पाणी कमी होईल आणि आज १.७ असलेला क्रिएटिनिन खरोखर वर जाईल.

आता रिपोर्ट. एसजीपीटी ८८ कुत्र्यासाठी नॉर्मल आहे, बहुतेक रेंज शंभराच्या आसपास किंवा पुढे संपतात. अल्ब्युमिन ३.१ सुद्धा नॉर्मल, कुत्र्यांचं अल्ब्युमिन माणसांपेक्षा कमीच असतं. पाचातले दोन शिक्के इथेच गळाले. शिवाय बिलिरुबिन ठीक, अल्ब्युमिन ठीक, म्हणजे लिव्हर आपलं काम करत नाहीये असं या कागदावर कुठेच दिसत नाही.

उरले तीन. त्यासाठी मला चार उत्तरं हवीत. रक्त उपाशीपोटी घेतलं होतं का? गेल्या दोन महिन्यांत खाज, कान, सांधे यासाठी काही इंजेक्शन किंवा गोळ्या झाल्या का? शी काळी, डांबरासारखी होते का? आणि पाणी वाढलं ते औषधाच्या आधी की नंतर?

विश्रामबागकर

डॉक्टर, खूप आभार. रक्त संध्याकाळी घेतलं, दुपारी चिकन-भात झाला होता. पोटाला आणि काखेत खाज होती म्हणून एक इंजेक्शन झालं, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कमी कमी करत संपवल्या. पाणी आठवून पाहिलं तर त्या सुमारासच वाढलं, आधी की नंतर हे छातीठोक नाही सांगता येत. शी तपकिरी, घट्ट. मागच्या पायाने लंगडतो म्हणून मेलॉक्सिकॅमच्या गोळ्या घरात आहेत, त्या अजून दिल्या नाहीत.

पशुवैद्य_सातारा

त्या देऊ नका. ही या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समजा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, ते अंगात असताना वर मेलॉक्सिकॅम पडलं तर पोटात व्रण होऊ शकतो आणि किडनीचा रक्तपुरवठाही कमी होतो. शीबद्दल विचारलं ते त्यासाठीच. आतड्यात रक्तस्राव झाला तर ते रक्त पचतं आणि युरिया वाढतो. मग किडनी बरी असूनही आकडा वर दिसतो. लंगडण्यासाठी काय द्यायचं ते सोमवारी तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

अल्कलाइन फॉस्फेटेज ६१० हा आकडा कुत्र्यासाठीही खरंच जास्त आहे. पण कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये स्टेरॉइडमुळे तयार होणारा या एन्झाइमचा एक वेगळा प्रकार असतो, माणसात तो नसतो. खाजेचा कोर्स झाला की आकडा चौपट-पाचपट होणं आम्ही नेहमी पाहतो. एसजीपीटी जागेवर आणि हा एकटाच उंच, असं चित्र असलं की मी आधी औषधाचा इतिहास विचारतो. गोळ्या थांबल्यावर तो हळूहळू उतरतो, इंजेक्शन लांब पल्ल्याचं असेल तर आणखी वेळ लागतो.

क्रिएटिनिन १.७ मात्र मी सोडणार नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच लॅबची वरची हद्द १.६ ते १.८ असते, त्यामुळे काही ठिकाणी हा आकडा ठळकही छापला गेला नसता. पण आयरिस नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने किडनीच्या जुन्या आजाराच्या ज्या पायऱ्या केल्यात त्यात १.४ ते २.८ ही दुसरी पायरी आहे. ती पायरी लावायला कुत्रा उपाशी हवा, अंगात पाणी पुरेसं हवं आणि आकडा दोनदा तसाच यायला हवा. शिजवलेल्या चिकनमुळे युरिया वाढतो, क्रिएटिनिनही थोडा वाढतो. म्हणून या एका नमुन्यावर मी त्याला किडनीचा रुग्ण म्हणणार नाही आणि निरोगीही म्हणणार नाही.

राजूभाऊ, क्रिएटिनिन उशिरा वाढतो हे तुमचं बरोबर. पण प्रत्येक वाढ म्हणजे पाऊण किडनी गेली असं उलट वाचता येत नाही. आणि दहीभातावर १२ वर्षांचा कुत्रा ठेवला तर मांड्यांचं मांस झडतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतो, त्यामुळे आकडा खाली येईल आणि किडनी सुधारली असा भास होईल. किडनीच्या आहारात जास्त लक्ष फॉस्फरसवर असतं, आणि तो तर या रिपोर्टमध्ये तपासलेलाच नाही. तोवर नेहमीचं जेवण चालू ठेवा, फक्त कलेजी आणि हाडं नकोत.

राजू_तासगाव

राणीचं मांस झडलं होतं हे खरं. आम्हाला वाटायचं आजारामुळेच.

कृष्णाकाठ

पावसाळा आहे, नदीकाठी उंदीर आहेत. किडनी आणि लिव्हर एकदम म्हटलं की मला लेप्टो आठवतो. गोचीड तापही बघा.

पशुवैद्य_सातारा

आठवायलाच हवा. पण लेप्टोमध्ये कुत्रा बहुतेकदा अचानक आजारी पडतो: ताप, उलट्या, खाणं बंद, पुष्कळदा बिलिरुबिन चढलेलं आणि प्लेटलेट पडलेल्या. ब्रुनो जेवतोय, प्लेटलेट चांगल्या आहेत. शक्यता कमी, शून्य नाही. खाणं सोडलं किंवा डोळे पिवळे दिसले तर सोमवारची वाट पाहू नका. गोचीड तापासाठी रक्ताची फिल्म बघून घ्यायला हरकत नाही.

विश्रामबागकर, उद्या सकाळची पहिली लघवी मिळवा. तो पाय वर करेल तेव्हा लांब दांड्याची धुऊन कोरडी केलेली पळी मागून, शांतपणे धारेखाली धरायची. पुढून गेलात तर तो थांबतो. स्वच्छ डबीत ओतून तासाभरात लॅबला द्या, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. लघवी किती घट्ट आहे ते सांगणारं पट्टीवरचं 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' कुत्र्यांसाठी भरवशाचं नसतं, रिफ्रॅक्टोमीटरवर बघायला सांगा.

मेधा_मिरज

काउंटरवर तसं स्पष्ट सांगा, नाहीतर पट्टीचाच आकडा लिहून देतील. रिफ्रॅक्टोमीटर सगळीकडे नसतो, आधी फोन करून जा.

विश्रामबागकर

लघवी मिळाली. पळीची युक्ती लागू पडली, आईने पुढे बिस्किट धरलं आणि मी मागे. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०१८, पट्टीवर प्रोटीन एक प्लस, साखर नाही, पू नाही.

पशुवैद्य_सातारा

साखर नाही म्हणजे पाणी पिण्यामागे मधुमेह असण्याची शक्यता बरीच मागे पडली. १.०१८ चा अर्थ लावणं अवघड आहे. क्रिएटिनिन वाढलेला असताना लघवी १.०३० च्या वर घट्ट असती तर मी म्हटलं असतं, किडनी आपलं काम करतेय, कारण दुसरीकडे शोधा. १.०१८ म्हणजे घट्ट होत नाहीये. पण स्टेरॉइडनेही कुत्र्याची लघवी पातळ होते आणि त्यात थोडं प्रोटीनही उतरतं. म्हणजे एकच औषध दोन्ही खुणांवर बसलंय. ते अंगातून गेल्याशिवाय आपल्याला किडनीचं खरं रूप दिसणार नाही.

तीन-चार आठवड्यांनी, रात्रीच्या जेवणानंतर उपाशी ठेवून, पाणी मात्र भरपूर देऊन, सकाळी रक्त द्या. क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज. त्याच लॅबला द्या, म्हणजे तुलना करता येईल. लघवीत प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर तेव्हाच काढा, आज काढलंत तर स्टेरॉइडमुळे फसवं येईल. ०.५ च्या वर राहिलं तर किडनीतून प्रोटीन गळतंय असं धरू. मोजायची सोय असेल तर रक्तदाबही.

पॉमवाली_कराड

आमच्या पॉमेरियनचं अल्कलाइन फॉस्फेटेज असंच उंच होतं, पाणी खूप, पोट सुटलेलं, पाठीचे केस विरळ. सगळे लिव्हर लिव्हर करत होते आणि शेवटी कुशिंग निघालं. तिला तर स्टेरॉइड कधी दिलंच नव्हतं.

पशुवैद्य_सातारा

बरोबर, कुशिंगमध्ये शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतं, म्हणून रिपोर्ट सारखाच दिसतो. ब्रुनोचं पाणी आणि हा आकडा गोळ्या थांबून बरेच आठवडे झाल्यावरही उतरला नाही, तर तोच तपास करायचा. आत्ता ती चाचणी केली तर दिलेल्या औषधामुळे निकाल गढूळ येईल.

विश्रामबागकर

सोमवारी आमच्या डॉक्टरांना भेटलो, हा धागाही दाखवला. मेलॉक्सिकॅम नको म्हणाले, पाणी मोकळं ठेवा म्हणाले. एका बाबतीत त्यांचं मत वेगळं आहे: वय १२ आहे, ६१० नुसता स्टेरॉइडवर ढकलू नये, सोनोग्राफी आत्ताच करू म्हणतात. तुम्ही काय म्हणाल? थांबावं की करावी?

पशुवैद्य_सातारा

त्यांनी कुत्रा हाताने तपासलाय, मी नाही. मी थांबलो असतो, कारण स्टेरॉइडमुळे लिव्हर सोनोग्राफीतही मोठं आणि पांढरट दिसतं आणि त्यावर पुन्हा काळजी सुरू होते. पण या वयात लिव्हरमध्ये गाठ किंवा पित्ताशयात घट्ट साका असू शकतो, तो रक्तात ठरत नाही, सोनोग्राफीत दिसतो. त्यांना पोट चाचपताना काही लागलं असेल तर आत्ताच करा, तेवढं त्यांना विचारा. सांगलीत जनावरांची सोनोग्राफी जमली नाही तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा. आणि एकाच फेरीत दोन्ही किडन्यांचा आकारही मोजून लिहून घ्या, जुन्या आजारात त्या लहान आणि खडबडीत दिसतात.

विश्रामबागकर

पोट चाचपताना काही लागलं का, ते विचारायचं राहिलं. उद्या फोन करतो. आकडे आले की इथेच टाकेन.