टाचेच्या भेगांतून रक्त येतंय, त्यावर
"आईला शुगर आहे, टाचेच्या भेगेतून रक्त येतं, रोज गरम पाण्यात पाय बुडवून वजरीने घासतो, तरी कमी नाही."

आधी ते बुडवणं आणि घासणं दोन्ही थांबवा. शुगरमुळे पायाची जाणीव बऱ्याचदा कमी झालेली असते, मग पाणी पोळतंय की वजरीने सोलतंय हे कळतच नाही. माझ्या सासूबाईंचं असंच झालेलं, इथं सोलापुरात उन्हाळाभर मागून उघडी चप्पल, फरशीवर अनवाणी, आणि रात्री चादरीचे धागे टाचेत अडकायचे तेव्हा कळलं भेग किती खोल आहे ते, कारण दुखत काहीच नव्हतं.

रक्त येतंय तोवर भेग साध्या पाण्याने धुवून, टिपून, स्वच्छ गॉज बांधा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवाच. लाली, गरमपणा, पू, वास यातलं काही असेल तर त्याच दिवशी. कडेची जाड कातडी ब्लेडने काढू नका, ते त्यांनाच करू द्या.

भेग भरली की मग युरियाचं क्रीम, १० ते २५ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, पाय धुवून पुसल्यावर लगेच. उघड्या भेगेत लावू नका, झोंबतं. बोटांच्या बेचक्यात तर अजिबात नको, तिथं ओल राहून बुरशी होते. रात्री वरून व्हॅसलीन आणि सैल सुती मोजे.

शुगर नसेल तर १० मिनिटं कोमट पाणी, हलकी वजरी, मग हेच क्रीम. आमच्याकडं कोकमतेलही लावतात, मऊ पडतं, पण जाड कातडी युरियानेच सुटते.