विषय: बाळाचं ओसीआय – स्कॅन "वाचता येत नाही" म्हणून परत, गुरुवारी अपॉइंटमेंट

प्रेषक: मंजिरी
सोमवार, रात्री

सगळ्यांना नमस्कार,

गणपतीच्या सुमारास ओंकारनं फाइल छोटी करण्याबद्दल एक मोठी मेल लिहिली होती. ती कोणाकडे असेल तर प्लीज पुन्हा टाका, मला सापडत नाहीये. आमच्या बाळाच्या, ओवीच्या, ओसीआय कार्डाच्या ऑनलाइन अर्जाचा भाग ब अडकलाय. जन्मदाखला, आमचे दोघांचे पासपोर्ट, तिचा पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र अशी सात पानांची एकच पीडीएफ केली होती, ती झाली ११ एमबी. एका वेबसाइटवर टाकून ४८० केबी केली आणि ती अपलोडही झाली. आज अर्ज केंद्राची मेल आली की कागद वाचता येत नाहीत, पुन्हा अपलोड करा, आणि त्याच प्रती ईमेलनंही पाठवा. पूर्ण मेल १० एमबीच्या आत हवी असं खाली लिहिलंय.

बाळाच्या फोटोवरही "फॉरमॅट चुकीचा" येतंय. फाइलचं नाव .jpg असूनसुद्धा.

गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, डिसेंबरची तिकिटं काढून झालीत. मूळ ११ एमबीची पीडीएफ सोबत जोडतेय, कोणी बघून सांगेल का?

मंजिरी

---

प्रेषक: प्रसाद (यादी व्यवस्थापक)

मंजिरी, तुझी जोडलेली फाइल मी संग्रहातून काढून टाकली आहे. तीन पासपोर्टांची पानं या यादीवरच्या प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये जाऊ नयेत. ज्यांच्याकडे ती आधीच पोहोचली असेल त्यांनी कृपया डिलीट करावी. मदत हवी असेल तर फाइल त्या एकाच व्यक्तीला पाठवा. दिवाळी अंकाच्या वेळीही हे लिहिलं होतं.

आणि फुकट फाइल छोटी करून देणाऱ्या साइटवर पासपोर्ट चढवू नका. हे काम आपल्याच संगणकावर होतं.

---

प्रेषक: अविनाश

मंजिरी, घाबरू नकोस. गेली काही वर्षं मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांचे अर्ज मीच भरून दिलेत, आधी मला फोन केला असतास तरी चाललं असतं. सोपं आहे: स्कॅनरमध्ये कलर काढून "ब्लॅक अँड व्हाइट" निवड आणि ३०० डीपीआयवर स्कॅन कर. एक पान ५०-६० केबीत बसतं आणि अक्षर काचेसारखं स्वच्छ येतं. सात पानं ५०० केबीत आरामात जातील. आणि मर्यादा ५०० केबीचीच आहे, १००० म्हणून कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

प्रसाद, त्या वेबसाइट आम्ही सगळेच वापरतो. एवढा बाऊ नको.

---

प्रेषक: सुलभा

अविनाश, ब्लॅक अँड व्हाइटचं जपून सांगा हं. आमचं विवाह प्रमाणपत्र साताऱ्याचं, नगरपालिकेचं, चार घड्या पडलेलं. ते तसं स्कॅन केलं तर जांभळा गोल शिक्का पार नाहीसा झाला आणि घड्यांच्या जागी काळे पट्टे आले. निबंधकाची सही अर्धीच दिसत होती. शेवटी भाच्याकडून रंगीत करून घेतलं.

मला एक विचारायचं होतं. ह्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा आहे, तोही असाच पीडीएफ करून पाठवायचा का?

---

प्रेषक: ओंकार

मंजिरी, जुनी मेल माझ्याकडेही नाही, म्हणून नव्यानं लिहितो. तुझी फाइल प्रसादनं काढण्याआधी उघडून पाहिली होती, आता डिलीट केली आहे.

मुख्य अडचण अशी की सात पानं एका फाइलमध्ये आहेत. पोर्टलवर प्रत्येक कागदाला वेगळं अपलोड करायची सोय आहे आणि मर्यादा प्रत्येक फाइलला लागते. ४८० केबी सात पानांत वाटले की एका पानाला ७० केबीसुद्धा मिळत नाहीत. रंगीत ए-फोर पान ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. एवढी माहिती ७० केबीत कोंबायची तर त्या वेबसाइटला बारीक अक्षरांचा लगदा करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तेव्हा आधी फाइल वेगळ्या कर. मर्यादा ५०० आहे की १००० हा वाद नको, त्या रकान्याशेजारी जे लिहिलंय तेच धर. ५०० च्या आत बसवलंस तर दोन्हीकडे चालेल.

दुसरी गोष्ट, तू पासपोर्ट ए-फोरच्या काचेवर ठेवून अख्खी काच स्कॅन केलीस. पासपोर्टचं एक पान १२५ गुणिले ८८ मिलिमीटरचं असतं. बाकी सगळी झाकणाची करडी पार्श्वभूमी आहे, आणि करड्यातला तो दाणेदारपणा जेपीईजीला कोऱ्या पांढऱ्या कागदासारखा फुकट पडत नाही. स्कॅन करतानाच चौकट ओढून फक्त पासपोर्ट घे. नुसत्या फोटोच्या पानाचे ३०० डीपीआयवर जेमतेम १५ लाख पिक्सेल होतात, म्हणजे सहापटींनी कमी, आणि अक्षराची धार तशीच राहते. लोक आधी डीपीआय कमी करतात. त्याआधी कड कापायला हवी. तुमच्या भारतीय पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं, आई-वडिलांची नावं नि पत्ता असलेलं, अशी दोन्ही पानं घे.

अविनाशदादांचं म्हणणं नुसत्या छापील मजकुराला लागू आहे. टाइप केलेलं पत्र ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खरंच ५० केबीत सुंदर येतं. पण त्या प्रकारात प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. फिकट शिक्का पांढऱ्या बाजूला जातो, सुलभाकाकूंचं तेच झालं. जन्मदाखल्यामागे जी हिरवट नक्षी असते तिचे हजारो सुटे ठिपके होतात, आणि अशा ठिपक्यांमुळे फाइल उलट फुगते. म्हणून दाखले आणि पासपोर्ट रंगीतच ठेव. साधी पत्रं ग्रेस्केलमध्ये चालतील.

एवढं करूनही जन्मदाखला मोठा राहिला तर मूळ स्कॅनवर घोस्टस्क्रिप्टची ही कमांड चालव. आधीच दाबलेल्या फाइलवर नको, कारण दर वेळी आणखी बिघडतं:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook \
 -dColorImageResolution=150 \
 -dColorImageDownsampleThreshold=1.0 \
 -dNOPAUSE -dBATCH \
 -sOutputFile=Birth_Certificate.pdf scan.pdf
```

तिसरी ओळ गाळू नकोस. `/ebook` चं लक्ष्य १५० डीपीआय असलं तरी चित्र त्याच्या दीडपटीहून, म्हणजे २२५ हून दाट असेल तरच ते विरळ केलं जातं. २०० डीपीआयचं स्कॅन आहे तेवढंच राहतं आणि आपण म्हणतो की कमांड चाललीच नाही.

झाल्यावर १०० टक्क्यांवर उघडून बघ. पासपोर्टच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यातला 0 आणि O, 8 आणि B वेगळे ओळखू आले तर स्कॅन चांगलं. तुझ्या ४८० केबीच्या फाइलवर हे करून बघितलंस तर केंद्रानं ती का परत केली ते कळेल.

काकू, हयातीचा दाखला वेगळा आहे. त्यासाठी नवा धागा काढा, इथे हरवेल.

ओंकार

---

प्रेषक: अविनाश

ओंकार, तुझं तांत्रिक बरोबर असेल, पण कमांड किती जणांना चालवता येणार? या यादीवरचे निम्मे लोक फोनवरून मेल वाचतात. आणि मी भरलेले अर्ज ब्लॅक अँड व्हाइटवर पास झालेले आहेत, हेही खरं आहे.

---

प्रेषक: ओंकार

दादा, मान्य. ज्यांच्या दाखल्यावर शिक्का गडद असेल त्यांचे जातील. मंजिरीच्या दाखल्यावरचा शिक्का फिकट आहे म्हणून सांगितलं. कमांड नको असेल तर स्कॅनर रंगीत, २०० डीपीआय, जेपीईजी दर्जा मध्यम ठेवायचा आणि कड कापायची. बहुतेकांचं काम तिथेच होतं.

---

प्रेषक: मंजिरी

खूप आभार! फाइल वेगळ्या केल्या. पासपोर्ट प्रत्येकी ३०० केबीच्या आसपास आले आणि खालच्या दोन ओळी स्पष्ट वाचता येतात. जन्मदाखला ४१० केबी.

फोटोचं अजून तेच. नवऱ्यानं आयफोनवर काढला आणि संगणकावर नाव बदलून `ovi.jpg` केलं.

---

प्रेषक: प्रसाद

नाव बदललं म्हणून आतली फाइल बदलत नाही. आयफोन मूळ फोटो एचईआयसीमध्ये साठवतो, आणि पोर्टल बहुधा नाव नव्हे, फाइलचे पहिले काही बाइट बघतं. फोटो संगणकावर उघडून "एक्स्पोर्ट" किंवा "सेव्ह अ‍ॅज" करून जेपीईजी निवडा. पुढच्या वेळेसाठी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Most Compatible` ठेवा. फोटो चौरसच कापा.

नावांबद्दलही सांगतो. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे `Passport_Mother.pdf` असं आपण टाइप केलं की प्रत्यक्षात `Passport_Mother.pdf.pdf` होऊन बसतं. दोन टिंबांची नावं बऱ्याच सरकारी साइट नाकारतात. एक्स्प्लोररमध्ये `File name extensions` वर टिक करा म्हणजे खरं नाव दिसेल. नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर ठेवा. मराठी नावं, स्पेस, `&` आणि अपॉस्ट्रॉफी टाळा. Mother, Father असं लिहिलं की केंद्रातल्या माणसालाही उघडून शोधावं लागत नाही.

---

प्रेषक: सुलभा

प्रसाद, अर्जात फोटोसोबत सहीही लागते ना, बाळ ती कशी करणार? आमच्या नातीच्या वेळी अंगठा घेतला होता.

---

प्रेषक: ओंकार

हो काकू, अंगठाच. फक्त सहीच्या चित्राची रुंदी उंचीच्या तिप्पट लागते. अंगठ्याचा ठसा ओढून लांब करायचा नाही, तो आडवा पसरतो आणि नाकारला जातो. ठशाच्या दोन्ही बाजूंना कोरा पांढरा कागद ठेवून तेवढी आडवी चौकट कापायची.

मंजिरी, ईमेलचं राहिलं. जोडलेली फाइल पाठवताना मजकुरात बदलली जाते आणि तिथे सुमारे ३७ टक्के वाढते. म्हणजे १० एमबीच्या मेलमध्ये प्रत्यक्षात ७ एमबीच्या थोड्याच वर फाइली बसतात. तुझ्या आता सगळ्या मिळून दोन एमबीच्या आत आहेत, त्यामुळे एकाच मेलमध्ये पाठव. झिप करू नकोस, बऱ्याच कार्यालयांत झिप जोडलेली मेल दारातच अडवतात, आणि जेपीईजी असलेल्या पीडीएफ झिप केल्यानं लहान होतही नाहीत. विषयात अर्जाचा क्रमांक आणि बाळाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही.

---

प्रेषक: अविनाश

फोटोची पार्श्वभूमी पांढरी नको, फिकट रंगाची हवी. हे कोणीच सांगितलं नाही.

---

प्रेषक: प्रसाद

अविनाशदादा, आमच्या मुलाचा पांढऱ्यावरचाच गेला होता.

---

प्रेषक: अविनाश

गेला असेल. पण सूचनांत फिकट, पांढरी नाही, असं मी स्वतः वाचलं आहे. मंजिरी, फिकट निळी चादर मागे धरून दुसरा काढून ठेव.

---

प्रेषक: मंजिरी

फोटो चढला, पांढऱ्यावरचाच. निळ्या चादरीवरचाही काढून छापून गुरुवारी बरोबर नेते. पाचही कागद अपलोड झाले, ईमेल गेली, आणि त्यांची पोच आली. ओंकार, विवाह प्रमाणपत्राच्या मराठी प्रतीला इंग्रजी भाषांतर त्याच पीडीएफमध्ये जोडलंय, दोन पानं मिळून ४६० केबी. वेगळं टाकायला हवं होतं का?